आधी चौकट, मग हसू

बाळ सहा दिवसांचं होतं आणि घरच्या ग्रुपवर तिचे एकेचाळीस फोटो जमले होते. नायगाव पश्चिमेला माझ्या बहिणीचं बैठं घर आहे, भाची पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. बारसं बाराव्या दिवशी. चार दिवस आधी कार्ड हातात पडायला हवं, म्हणजे फोटो त्याच रात्री ठरायला हवा होता. माझा जन्म छपाईच्या कामात गेला, त्यामुळे असल्या वेळी मला न विचारता नेमलं जातं.

मी पोचलो तेव्हा खरं तर निवड झालेली होती. बहिणीने फोन पुढे केला. “दादा, हाच घ्यायचा. बघ कशी हसतेय.” बाळ झोपेत हसत होतं. रात्री अकराला बाळाच्या मामाने तो टिपला होता आणि ग्रुपवर त्याला सगळ्यांत जास्त बदाम मिळाले होते. फोटो गोड होता यात शंका नाही. पण त्याचं कार्ड होणार नव्हतं, आणि ते का, हे सांगायला मला चहाचे दोन कप लागले.

आपल्याकडे बाळ झाल्याची बातमी पूर्वी तोंडाने आणि पेढ्याने जायची. हल्ली बारशाचं आमंत्रण हीच बाळाची पहिली जाहीर ओळख होते, आणि ते एकाच रूपात जात नाही. आधी ते फोनवर जातं, स्टेटसला लागतं, तिथे चौकट उंच आणि अरुंद, नऊला सोळा. मग थोरामोठ्यांना द्यायला छापील कार्ड, बहुधा पाच बाय सात इंचाचं. आणि बारशाच्या दिवशी तोच फोटो आईबापांच्या प्रोफाइलला गोल होऊन बसतो. एकच फोटो तीन खिडक्यांतून दिसणार असतो, आणि घरचे लोक तो चौथ्याच खिडकीतून, म्हणजे फोनवरच्या अख्ख्या चित्रातून, पसंत करतात.

म्हणून मी क्रम उलटा लावतो. आधी कापून बघायचं, मग चेहऱ्यावरच्या भावाबद्दल बोलायचं. छापखान्यातली जुनी युक्ती आहे. एखाद्या जाड पत्रिकेतून काटकोनाच्या आकाराचे दोन तुकडे कापायचे, दोन हातांत धरायचे आणि फोटोवर एकमेकांवर सरकवायचे. हवी ती चौकट तयार होते. फोनमध्ये फोटो कापायची सोय असते हे मला ठाऊक आहे, पण फोनवर कापताना बोट थरथरतं आणि घरातल्या पाच जणांना एकदम दिसत नाही. पुठ्ठ्याचे काटकोन लॅपटॉपच्या पडद्यावर धरले की वाद निम्म्याने कमी होतो.

फोनचा नेहमीचा फोटो तीनास चार या मापाचा असतो. त्यातून पाच बाय सातचं कार्ड काढायला फारसं काही जात नाही, रुंदीचे जेमतेम पाच टक्के. उंच स्टेटससाठी मात्र रुंदीचा पाव भाग जातो, दोन्ही बाजूंनी थोडा थोडा. गोलासाठी आधी चौरस करावा लागतो, त्यात उंचीचा पाव भाग गेला, आणि मग चारही कोपरे गेले. मामाने टिपलेला तो हसरा फोटो मी काटकोनांत धरला. चेहरा इतका जवळून घेतलेला की टोपड्याचा वरचा काठ फोटोच्या काठाला टेकलेला, आणि गालाशी असलेली मूठ डाव्या कडेला. उंच चौकटीत मुठीचे दोन तुकडे झाले. गोलात मूठ पार गेली आणि टोपडंही कापलं गेलं. उरला तो मधला चेहरा, आणि तो सहा दिवसांच्या बाळाचा वाटेना. दोन वर्षांचं मूल झोपलंय असं वाटत होतं.

याचं कारण बाळाच्या चेहऱ्याच्या घडणीत आहे. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. तान्ह्या बाळाचे त्याहून खाली असतात, वर भलंमोठं कपाळ आणि खाली चिमुकली हनुवटी. ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठं कपाळ, खाली बसलेले मोठे डोळे, फुगीर गाल अशी ठेवण दिसली की माणसाला आपोआप माया वाटते. कार्ड लावणाऱ्याने यातून घ्यायचं ते एवढंच, की कपाळ कापलं की बाळपण कापलं. मोठ्यांच्या फोटोत डोळे चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागावर ठेवावेत अशी शिकवण असते. तीच सवय घेऊन बाळाचा फोटो कापला तर वर कपाळ उडतं आणि खाली नुसतं दुपटं उरतं. बाळाच्या फोटोत डोळे चौकटीच्या मध्याजवळ आले तरी चालतात, किंबहुना तेच बरं दिसतं.

टोपडं भुवयांपर्यंत ओढलेलं असलं तरी हाच घोटाळा होतो. थंडी असो नसो, पणजी टोपडं खाली ओढतेच. कुंचीची अडचण वेगळी. कुंचीला वर टोक असतं आणि मागे झालर. टोक चौकटीबाहेर गेलं तर ती कुंची आहे हेच कळत नाही, डोक्यावर कापड टाकल्यासारखं दिसतं. एकेचाळीसांतला एक फोटो कुंचीतला होता, सकाळी काढलेला, डोळे उघडे, अगदी स्वच्छ. पण टोक फोटोतच कापलेलं. मूळ चित्रात जे नाही ते कोणत्या कात्रीने आणायचं? तो बाजूला ठेवला. बहीण हळहळली, कारण कुंची तिनेच शिवलेली होती.

कापताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. हात मनगटावर किंवा पाय घोट्यावर कापला तर बघणाऱ्याला कारण न कळता काहीतरी खुपतं. दुपट्यातून रेघ गेली तर काहीच वाटत नाही. म्हणून गुंडाळलेलं बाळ कापायला सोपं आणि हातपाय मोकळे असलेलं अवघड. शिवाय छापील कार्डं गठ्ठ्याने मशीनवर कापली जातात. त्यात गठ्ठा एखादा मिलिमीटर इकडेतिकडे सरकतोच, म्हणून फोटो कार्डाच्या काठाबाहेर तीन मिलिमीटर जास्तीचा ठेवतात आणि बोटं, कान, नाव असलं काही काठापासून पाच मिलिमीटर तरी आत घेतात. हे दोन्ही जमायचं तर मूळ फोटोत बाळाभोवती मोकळी जागा हवी. घरचे लोक नेमकी तीच जागा वाया गेलेली समजतात आणि जास्तीत जास्त जवळून फोटो घेतात.

काटकोनांच्या परीक्षेत एकेचाळीसांतले सहा उरले. आता स्पष्टपणा.

फोनच्या छोट्या पडद्यावर सगळेच फोटो स्पष्ट दिसतात, म्हणून तिथे निकाल लावू नये. फोटो मोठा करायचा आणि डोळ्यापाशी जायचं. डोळे उघडे असतील तर बुबुळात खिडकीचा पांढरा ठिपका कडेसकट दिसतो का ते बघायचं. मिटलेले असतील तर पापणीचे केस सुटे मोजता येतात का ते बघायचं. येत नसतील तर दोन कारणं संभवतात आणि ती ओळखता येतात. डोळा धूसर पण दुपट्याची शिवण किंवा गोधडीचा टाका लख्ख दिसत असेल तर फोकस चुकला. शिवण लख्ख आणि फक्त हात किंवा ओठ एका दिशेला फराटल्यासारखे असतील तर बाळ हललं. फोकस नाकाच्या शेंड्यावर बसला आणि डोळे किंचित मऊ राहिले, तर छोट्या कार्डात खपून जातं. बाळ हललेलं कशानेच निस्तरत नाही. रात्रीच्या दिव्यात फोन उजेड गोळा करायला जास्त वेळ घेतो, अनेक चित्रं एकावर एक रचतो आणि मग दाणे पुसायला सगळं गुळगुळीत करतो. त्यात बाळाच्या नाकावरचे दुधासारखे बारीक पांढरे ठिपके जातात, कपाळावरची लव जाते, आणि गाल मेणाचा होतो. आमचा हसरा फोटो असाच मेणाचा होता.

उरलेल्या सहांत गोधडीवरच्या जांभईचा एक फोटो होता. त्यात गोधडीचा प्रत्येक टाका दिसत होता आणि बाळ मात्र धुक्यात. तो गेला. आणखी तीन असेच गेले. दोन उरले, आणि त्यांतल्या एकाने मला बराच वेळ गुंतवून ठेवलं.

तो बाळाच्या आत्याने घेतला होता. ती भाईंदरला राहते, खाडीपलीकडे एकच स्टेशन, आणि बाळाला बघायला सकाळच्या गाडीने आली होती. बाहेर पावसाळी ढग, त्यामुळे खिडकीतून येणारा उजेड मऊ. पाळण्यात बाळाचं डोकं योगायोगाने खिडकीकडे होतं. हे महत्त्वाचं, कारण त्यामुळे नाकाची सावली ओठांकडे पडली होती. पाय खिडकीकडे असते तर सावली कपाळाकडे चढली असती आणि हनुवटीखालून टॉर्च धरल्यासारखा चेहरा दिसला असता. आत्याने उभं राहून, कपाळाच्या बाजूने फोटो घेतला होता, त्यामुळे नाकपुड्या दिसत नव्हत्या. डोळे उघडे, तोंड किंचित उघडं, एक मूठ छातीशी. टोपडं डोक्यावर जरा मागे सरकलेलं. भोवती पुरेशी जागा. कोपऱ्यात तेलाची वाटी आणि बाळाच्या मनगटावर इस्पितळाची पट्टी, त्यावर आईचं नाव. वाटी कापण्यात जाणार होती. पट्टी दुपट्याच्या रंगाने झाकायची होती. इस्पितळातला नंबर आणि नाव दोनशे घरांत पाठवायचं काही कारण नाही.

बहीण म्हणाली, “पण यात हसत नाहीये ती.”

इथे भावाची गोष्ट आली. सहा दिवसांचं बाळ झोपेत हसतं ते आपल्याला बघून नव्हे. झोपेच्या एका अवस्थेत तोंडाचे स्नायू आपोआप हलतात, सेकंद-दोन सेकंद ओठ ताणले जातात आणि सुटतात. जुन्या बायका म्हणतात सटवाई हसवते, आणि बाळ कोणा समोरच्या माणसाला हसत नाहीये एवढं निरीक्षण त्यात बरोबर आहे. माणसाचा चेहरा बघून हसणं साधारण सहा ते आठ आठवड्यांनी सुरू होतं. म्हणजे बारशाच्या कार्डावर खरं हसू मागणं हे आंब्याला पौषात पाड मागण्यासारखं आहे. वसईच्या ख्रिस्ती घरांत बाप्तिस्म्याचं कार्ड निघतं. तो विधी बाराव्या दिवसाला बांधलेला नसतो. बाळ दोन महिन्यांचं झालं असेल तर हसरा फोटो जरूर धरावा. आपल्याला मात्र आठवड्याच्या आतलं बाळ घेऊनच काम भागवायचं असतं.

आणि त्या वयाला एक भाव उत्तम जमतो, तो म्हणजे टक लावून बघणं. दूध पिऊन झाल्यावर, झोप येण्याआधी, बाळ काही मिनिटं शांत जागं असतं. हातपाय थांबतात, डोळे उघडतात आणि कपाळाला आठी नसते. त्याला वीस ते तीस सेंटिमीटरपर्यंतचंच बरं दिसतं, म्हणजे कुशीत घेतलेल्या बाळापासून आईचा चेहरा जेवढा दूर असतो साधारण तेवढं. जगातला सर्वांत जास्त छापला गेलेला बाळाचा चेहरा कदाचित अमेरिकेतल्या गर्बर कंपनीच्या डब्यावरचा असेल. डोरोथी होप स्मिथ या चित्रकर्तीने १९२८ मध्ये शेजारच्या बाळाचं कोळशाने काढलेलं ते अर्धवट रेखाटन. पूर्ण करू का, असं तिने विचारलं होतं, कंपनीने तसंच ठेवलं. त्यात बाळ हसत नाही. डोळे मोठे, ओठ किंचित उघडे, काहीतरी पहिल्यांदा दिसल्यासारखं. आत्याच्या फोटोतलं आमचं बाळ असंच बघत होतं.

या वयात डोळ्यांचं एक बघावं लागतं. पहिल्या काही आठवड्यांत बाळाचे डोळे मधूनच तिरळे होतात. ते बहुतेक वेळा आपोआप सुधारतं आणि प्रत्यक्षात कोणाच्या लक्षातही येत नाही, पण फोटोत तो एक क्षण कायमचा गोठतो. आत्याने एकापाठोपाठ चार फोटो घेतले होते. त्यांतल्या दोनांत डावं बुबुळ नाकाकडे झुकलेलं. काजळ घातलेलं असेल तर आणखी पंचाईत, कारण पापणीची रेघ आणि काजळाचा फराटा एक होतात आणि डोळा कुठे संपतो तेच कळत नाही.

मग रंग. बाळ पिवळसर दिसत होतं. भाचा म्हणाला, “ॲपमध्ये गोरी करून टाकतो.” मी त्याला दुपट्याकडे बघायला सांगितलं. दुपटं पांढरं होतं. फोटोत दुपटंही पिवळं दिसत असेल तर दोष दिव्याचा, आणि तो दुपटं पांढरं होईपर्यंत रंग सरकवला की जातो. दुपटं पांढरं आणि बाळच पिवळं असेल तर प्रश्न फोटोचा नाही. नवजात बाळाला कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दिसू शकते. बहुतेकदा ती निवळते, पण ती डॉक्टरांनी बघायची असते, भाच्याने ॲपमध्ये पुसायची नसते. आमच्या फोटोत दुपटं पांढरंच होतं. भाची म्हणाली, कालच दाखवून आणलंय, रक्त तपासलंय, पुन्हा परवा बोलावलंय. तेव्हा मी रंगाला हात लावला, तोही अगदी थोडा.

फोटो ठरला, आणि अडचण त्यानंतर आली. ग्रुपवरून उतरवलेला फोटो १२०० बाय १६०० पिक्सेलचा निघाला. चांगल्या छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात, म्हणजे पाच बाय सातच्या कार्डाला १५०० बाय २१००. आम्हाला वाटी, पाळण्याची दांडी वगैरे कापून चित्राची साधारण निम्मी रुंदी घ्यायची होती. ती भरली ६०० बाय ८४०. पाच इंचांत ६०० ठिपके म्हणजे इंचाला फक्त १२०. कार्डावर पापण्यांच्या जागी पायऱ्या दिसल्या असत्या. आत्याच्या फोनमधला मूळ फोटो ३००० बाय ४००० चा होता. त्याचीच निम्मी रुंदी घेतली की बरोबर १५०० बाय २१००. चित्र तेच, कापणी तीच, फरक फक्त तो कोणत्या वाटेने आला याचा. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना लहान करतं. एचडी निवडलं तर मोठा येतो, पण तोही मूळ नव्हे. आत्याला फोन केला, “फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.” तिला दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा तिने ग्रुपवरचाच फोटो मला परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी छपाईवाल्या मुलाने कार्ड लावून नमुना फोनवर पाठवला. बाळाचं तोंड उजवीकडे वळलेलं होतं आणि मजकूर डावीकडे बसवायचा होता, म्हणून त्याने फोटो आरशासारखा उलटवला. शिवाय डाग समजून गालावरची तीट पुसली. मला नजरेत आलं नव्हतं, कबूल करतो. पणजीने चष्मा लावून पडदा बघितला आणि म्हणाली, “ही आपली नव्हे.” तिला बाळाच्या भुवईची ठेवण उलट्या बाजूला दिसत होती आणि तीट कुठेच दिसत नव्हती. फोटो पुन्हा सरळ केला, मजकूर उजवीकडे नेला, म्हणजे बाळ आता स्वतःच्या बारशाच्या तारखेकडे बघू लागलं. तीट डाव्या गालावर परत आली.

बारा बाय अठरा इंचाच्या एका तावावर अशी चार कार्डं बसतात. शंभर कार्डांना पंचवीस ताव लागले. फोनच्या पडद्यापेक्षा कागदावर फोटो नेहमी थोडा काळवंडतो, कारण पडद्याला आतून उजेड असतो आणि कागदाला नसतो. म्हणून छापायच्या आधी फोनचा उजेड निम्म्यावर आणून फोटो बघावा, तरीही डोळे दिसत असतील तर कागदावरही दिसतील.

एवढं करूनही शंभर प्रतींची ऑर्डर लगेच देऊ नका. एकच प्रत छापून, कापून हातात मागा. ती हातभर लांब धरून बघा, बोटं कापली गेली नाहीत ना ते तपासा, आणि मग ती घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईच्या हातात द्या.